धनस्थानातील गुरू चलितात लग्नी का येतो?

विवाहासाठी पत्रिका पाहताना किंवा नव्या पेढीचा विचार करताना कधी कधी एक पेच पडतो. राशिकुंडलीत धनस्थानी असलेला गुरू भावचलित कुंडलीत प्रथमस्थानी लिहिलेला आढळतो. घरच्यांना वाटते, कोणाचे तरी गणित चुकले. वस्तुतः दोन्ही कुंडल्या बरोबर असतात. दोहोंचे माप मात्र वेगळे असते.

राशिकुंडलीत लग्नाची संपूर्ण रास हेच पहिले स्थान मानतात, मग लग्न त्या राशीच्या दुसऱ्या अंशावर असो वा सत्ताविसाव्या. श्रीपतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत लग्नाचा अंश हा पहिल्या भावाचा मध्य ठरतो आणि भाव त्याच्या दोन्ही बाजूंस पसरतो. दोन भावमध्यांच्या बरोबर मधल्या बिंदूस भावसंधी म्हणतात. तेथे एक भाव संपून दुसरा सुरू होतो.

नागपूरची एक पत्रिका पूर्ण अंशांत घेऊ. लग्न मिथुन २७ अंश, दशमभावमध्य मीन २१ अंश. म्हणून चतुर्थाचा मध्य समोर कन्या २१ अंशांवर येतो. लग्नापासून चतुर्थापर्यंतचे अंतर ८४ अंश. त्याचे तीन समान भाग केले की प्रत्येकी २८ अंश होतात; म्हणून द्वितीयभावाचा मध्य कर्क २५ अंशांवर पडतो. मिथुन २७ आणि कर्क २५ यांच्या मधोमध कर्क ११ अंश येतात. हीच पहिल्या आणि दुसऱ्या भावाची संधी.

आता गुरू कर्क ६ अंशांवर आहे. रास पाहता तो दुसऱ्या स्थानी. परंतु संधीच्या अलीकडे असल्याने चलितात पहिल्या भावात. तो कर्केतून हललेला नाही, त्याचे उच्चत्व कायम आहे. बदलला तो केवळ भाव. म्हणून राशीचे बल राशिकुंडलीवरून पाहावे आणि ते कोणत्या विषयात फळेल याचा विचार चलितावरून करावा, असा अनेक ज्योतिषांचा परिपाठ आहे.

दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पहिली, ग्रह संधीपासून किती दूर आहे? लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते आणि त्याबरोबर संधीही सरकते. गुरू कर्क ६ ऐवजी १० अंशांवर असता, तर जन्मवेळेतील पाच-दहा मिनिटांच्या फरकाने त्याचा भाव बदलू शकला असता. दुसरी, चलित कोणत्या पद्धतीचे आहे? कृष्णमूर्ती पद्धतीत लग्नबिंदू हा भावाचा मध्य नसून आरंभ असतो. वरील पत्रिकेत मिथुन २० अंशांवरील ग्रह श्रीपतीप्रमाणे पहिल्या भावात राहतो, तर कृष्णमूर्तींप्रमाणे बाराव्यात जातो. दोन ज्योतिषांची उत्तरे जुळली नाहीत, तर आधी जन्मवेळ आणि पद्धत ताडून पाहावी. फलाची चर्चा त्यानंतर करावी.