परिषदेतला चहाचा ब्रेक आणि अबोल माणूस: ओळख काढायची कशी, टिकवायची कशी?

सत्र संपतं, सगळे चहाकडे वळतात आणि अबोल माणूस मोबाईल काढून नसलेले मेसेज वाचू लागतो. परिषदेतली कामाची ओळख मात्र बहुतेक वेळा याच पंधरा-वीस मिनिटांत होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर जिवलग मित्राकडून आली नव्हती. ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून आली होती. कारण सोपं आहे. मित्राला माहीत असतं ते आपल्यालाही बहुधा माहीत असतंच.

एक उदाहरण घेऊ. समजा, संगमनेरचा एक तरुण इंजिनिअर ठिबकसाठी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवतोय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात परिषद आहे. तिथे त्याला मृदाशास्त्राच्या एका प्राध्यापकांशी बोलायचंय, पण नुसत्या विचारानेच घशाला कोरड पडते.

त्याचं काम आदल्या रात्री सुरू होतं. कार्यक्रमपत्रिका पाहून तो दोनच नावं निवडतो आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न वहीत लिहितो. ‘तुमचं भाषण छान झालं’ याला ‘धन्यवाद’ एवढंच उत्तर येतं आणि संवाद तिथेच संपतो. त्याचा प्रश्न असा आहे: ‘सर, खारवट जमिनीत आमचा सेन्सर ओलावा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो. क्षारांमुळे असं होत असेल, तर दुरुस्ती कशी करायची?’ स्वतःची अडचण, समोरच्याचा विषय आणि दोन मिनिटांत देता येईल असं उत्तर, हे तिन्ही त्यात आहे. गप्पा मारण्यापेक्षा असा प्रश्न विचारणं अबोल माणसाला सोपं जातं, कारण पुढचं बरंचसं बोलणं समोरचा करतो.

आता जवळ जायचं कधी? घोळक्याकडे नीट पाहावं. दोघं समोरासमोर, खांदे बंद करून उभे असतील तर थांबावं. माणसांच्या मध्ये बाजूला फट असेल, पावलं थोडी बाहेर वळलेली असतील तर तिथे उभं राहता येतं. आधी अर्धा मिनिट ऐकावं, मग बोलावं. त्याहून सोपी जागा म्हणजे पोस्टरची रांग. तिथे उभा असलेला संशोधक कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबलेला असतो.

आपल्याकडे ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न हमखास येतो. गावावरून आडनाव, आडनावावरून पाहुणेरावळे असं ते लांबत जातं. अबोल माणसाची इथे दमछाक होते. ‘संगमनेरचा. तिथल्या शेतातच सेन्सर लावलाय,’ असं एका वाक्यात उत्तर देऊन कामावर आलं, की बोलण्याची दोरी पुन्हा हातात येते.

निघतानाचं वाक्यही आधीच ठरवावं: ‘सर, तुमचा जास्त वेळ घेत नाही. एक शंका उद्या लिहून पाठवली तर चालेल?’ नंबर किंवा ईमेल मिळाला, की बाजूला जाऊन लगेच दोन ओळी लिहाव्यात: कशावर बोलणं झालं, काय कबूल केलं. संध्याकाळपर्यंत चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळतात.

घरी परतताना ‘आपण किती बावळट बोललो’ असं वाटतं. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आढळलं, की अनोळखी माणसाशी बोलल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो, याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमी लावतात. त्यामुळे त्या रुखरुखीपायी दुसऱ्या दिवशीचा मेसेज थांबवू नये. बहुतेक ओळखी मरतात त्या याच टप्प्यावर.

मेसेज एक-दोन दिवसांत जावा. नुसतं ‘हाय सर’ नको, मजकुराविना पीडीएफ तर नकोच. आपल्या तरुणाचा मेसेज असा:

‘नमस्कार सर. मी संगमनेरचा, सेन्सरवर काम करणारा. काल दुपारच्या चहाच्या वेळी आपण खारवट जमिनीबद्दल बोललो होतो. तुम्ही मातीची विद्युतवाहकताही मोजायला सांगितली होती. त्यासाठी नमुना किती खोलीवरून घ्यावा? सवडीने सांगितलंत तरी चालेल.’

खाली पूर्ण नाव. जागा, वेळ, विषय आणि एकच मागणी. नोकरी, शिफारस, प्रयोगशाळा हे सगळं पहिल्याच मेसेजात मागितलं, तर उत्तर बहुधा येत नाही. आठ-दहा दिवस शांतता असेल तर एकदा आठवण करावी, मग थांबावं. प्राध्यापक परीक्षेच्या कामात किंवा शिवारफेरीवर असू शकतात. आणि नंबर मिळाला म्हणून त्यांना रोजचे ‘शुभ सकाळ’ पाठवू नयेत, न विचारता ग्रुपात घेऊ नये.

उत्तर आलंच, तर खरी पकड पुढे बसते. तीन आठवड्यांनी त्या खोलीवरचे आकडे घेऊन तो पुन्हा लिहितो: ‘सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन ठिकाणी फरक कमी झाला, तिसऱ्या ठिकाणी नाही. फोटो सोबत आहे.’ सल्ला वाया गेला नाही हे कळलेला माणूस तिसऱ्या ठिकाणाबद्दल बहुधा स्वतःहून विचारतो.