पैसे कापले गेले, पोचले मात्र नाहीत

समजा, महिन्याची 6 तारीख आहे. पुण्यातला एक भाडेकरू रात्री पावणेबाराला घरमालकाला यूपीआयने 8,000 रुपये पाठवतो. पिन टाकून झाला, चक्र फिरत राहिलं आणि स्क्रीनवर 'Processing' असं उमटलं. तेवढ्यात बँकेचा एसएमएस येऊन थडकला: खात्यातून 8,000 रुपये वजा. घरमालकाला फोन केला तर त्यांच्याकडे काहीच जमा नाही. अशा वेळी पैसे हवेत विरले असं वाटतं. प्रत्यक्षात ते दोन बँकांच्या हिशेबात अडकलेले असतात आणि कुठे अडकले याचा अंदाज स्क्रीनवरच्या शब्दावरून बराचसा बांधता येतो.

यूपीआयचा व्यवहार आपल्याला एकच वाटतो, पण त्यात दोन स्वतंत्र नोंदी होतात. अॅपमधून निघालेली विनंती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जाते. ती आधी आपल्या बँकेला सांगते, 'एवढी रक्कम वजा करा.' आपल्या बँकेचा होकार आला की मगच समोरच्या बँकेला सांगते, 'एवढी जमा करा.' प्रत्येक उत्तरासाठी काही सेकंदांचीच मुदत असते. गडबड होते ती या दोनपैकी एखादं उत्तर वेळेत न आल्यामुळे.

पहिली शक्यता अशी, की वजा करण्याचं उत्तर आपल्याच बँकेकडून उशिरा येतं, किंवा समोरची बँक जमा करायला स्पष्ट नकार देते; खातं बंद असेल किंवा गोठवलेलं असेल तर असं होतं. मग अॅपवर 'Failed' दिसतं आणि आपल्या बँकेला पैसे परत टाकण्याचा निरोप जातो. असे पैसे बऱ्याचदा काही मिनिटांत परत येतात. तोवर वजा झाल्याचा एसएमएस आणि 'Failed' ही पाटी, दोन्ही एकाच वेळी खरी असतात.

दुसरी शक्यता जास्त किचकट आहे आणि आपल्या भाडेकरूच्या बाबतीत तीच घडली. आपल्या बँकेने पैसे वजा केले, समोरच्या बँकेला जमा करण्याचा निरोपही गेला, पण तिचं उत्तरच आलं नाही. आता पैसे जमा झालेत आणि फक्त उत्तर हरवलंय, की पैसेच जमा झाले नाहीत, हे मधल्या यंत्रणेला कळायला मार्ग नसतो. अशा वेळी घाईने पैसे परत केले आणि तिकडे ते आधीच जमा झालेले निघाले, तर एकाच रकमेचा दोनदा फायदा होईल. म्हणून बँकांच्या भाषेत असा व्यवहार 'डीम्ड' धरतात, म्हणजे तूर्त झाला असं मानतात. मग समोरची बँक आपला हिशेब ताडून पाहते. रक्कम जमा झाली असेल किंवा आता करता येत असेल, तर तसं कळवते. नाहीतर ती परत पाठवते.

यातून व्यवहारात उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. 'Processing' किंवा 'Pending' दिसत असताना पैसे आपल्याकडे परत येतीलच असं नाही. ते उशिराने समोरच्याला पोचूही शकतात. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. दोन्ही व्यवहार पार पडले तर जादा गेलेली रक्कम बँक परत आणून देत नाही, ती समोरच्याकडूनच मागून घ्यावी लागते. फारच निकड असेल तर त्याला आधी खात्याची नोंद बघायला सांगावं. अॅपवर किंवा एसएमएसवर विसंबू नये.

हे ताडून पाहायला बँकेला किती वेळ मिळतो, हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. 20 सप्टेंबर 2019च्या परिपत्रकातले हे नियम त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून लागू झाले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर समोरच्या बँकेने ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी आपणहून परत करायचे असतात. आयएमपीएसलाही हाच नियम आहे. दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, आपल्या खात्यातून वजा झाले, पण दुकानदाराला पावती मिळालीच नाही, तर मुदत व्यवहारानंतर 5 दिवसांची असते. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे, त्यामुळे रविवार आणि सुट्ट्याही मोजल्या जातात.

मुदत उलटली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची आहे. आपल्या भाडेकरूचाच हिशेब पुढे नेऊ. व्यवहार रात्री पावणेबाराला झाला असला तरी व्यवहाराचा दिवस 6 तारीखच. म्हणजे 7 तारखेपर्यंत पैसे परत यायला हवेत. ते 10 तारखेला आले, तर 8, 9 आणि 10 असे 3 दिवस उशीर झाला आणि 300 रुपये मिळायला हवेत. रक्कम 8,000 असो की 80, दर तोच. ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता खात्यात जमा करायची असं परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे.

या नियमाला मर्यादाही आहे. चूक ग्राहकाची नसेल तरच तो लागू होतो. चुकीच्या नंबरवर पैसे गेले आणि त्या अनोळखी माणसाच्या खात्यात जमाही झाले, तर तांत्रिकदृष्ट्या तो व्यवहार यशस्वी ठरतो. फसवणुकीत गेलेल्या पैशांचीही वाट वेगळी आहे, तिथे लगेच बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावं लागतं.

मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर अॅपमध्ये तो व्यवहार उघडून तिथूनच तक्रार नोंदवावी. त्या पानावर 12 अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो जपून ठेवावा, कारण बँका व्यवहार शोधतात तो त्या क्रमांकावरून. पानाचा स्क्रीनशॉट आणि खात्याचा उतारा जवळ असू द्यावा. अॅपवाल्यांनी दाद दिली नाही तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते.

मधल्या काळात ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. अडकलेले पैसे सोडवून देतो म्हणणारे भामटे तिथेच टपलेले असतात. नंबर घ्यायचा तो अॅपमधून किंवा बँकेच्या पासबुकावरून. पैसे परत मिळवायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर फोन ठेवून द्या. आणि पैसे परत आले की तारीख बघा. उशीर झाला असेल आणि भरपाई आली नसेल, तर ती हक्काने मागा.