निर्देशांक विका, समभाग घ्या: डिस्पर्शन ट्रेडिंगचा हिशेब

बँक निफ्टी म्हणजे मोजक्या बँकांच्या समभागांची वजनाप्रमाणे केलेली बेरीज. त्यातल्या प्रत्येक मोठ्या बँकेच्या समभागावर ऑप्शन मिळतात आणि खुद्द बँक निफ्टीवरही मिळतात. ऑप्शनच्या किमतीवरून पुढच्या काळात किती चढउतार होईल असं बाजाराला वाटतं, ते उलट गणित करून काढता येतं. बाजारात त्याला आयव्ही म्हणतात. समभागांच्या आयव्हीची सरासरी आणि निर्देशांकाची आयव्ही शेजारी ठेवली, तर निर्देशांकाचा आकडा जवळजवळ नेहमीच लहान दिसतो. डिस्पर्शन ट्रेडिंग हा या दोन आकड्यांमधल्या अंतरावर केलेला सौदा आहे.

निर्देशांकाचा आकडा लहान असतो, कारण एक समभाग वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि बेरजेत दोघांची हालचाल काही अंशी कटते. किती कटेल, हे समभाग एकमेकांच्या सोबतीने किती चालतात यावर ठरतं. सगळे तंतोतंत एकत्र चालले तर सहसंबंध १, प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला तर ०.

एक साधा निर्देशांक कल्पू. त्यात दहा समभाग, प्रत्येकाचं वजन १० टक्के, प्रत्येकाची आयव्ही ३०. निर्देशांकाची आयव्ही समजा २४. चढउतारांची बेरीज थेट होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. २४ चा वर्ग ५७६. त्यातले ९० समभागांच्या स्वतःच्या चढउतारातून येतात, त्यांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो. उरलेले ४८६ जोड्यांमधून येतात. सहसंबंध पूर्ण १ असता तर जोड्यांचा वाटा ८१० झाला असता. म्हणजे बाजाराने इथे ४८६ भागिले ८१०, अर्थात ०.६० एवढा सहसंबंध गृहीत धरला आहे. हाच इम्प्लाइड कोरिलेशन. तो कुठल्याही पडद्यावर स्वतंत्र भाव म्हणून विकला जात नाही, दोन्ही बाजूंच्या ऑप्शनच्या किमतींतून तो काढावा लागतो.

नंतर प्रत्यक्षात समभाग किती एकत्र चालले ते मोजलं, तर बहुतेक वेळा हा आकडा आधी गृहीत धरलेल्यापेक्षा कमी निघतो. त्यामागे मागणी आहे. मोठे फंड आपल्या सबंध गुंतवणुकीचा विमा म्हणून निर्देशांकाचे पुट घेतात. दहा कंपन्यांचे वेगवेगळे पुट घेत बसायला कुणाला वेळ नसतो. उलट हातातल्या समभागांवर कॉल विकून थोडं उत्पन्न काढणारे पुष्कळ असतात. त्यामुळे निर्देशांकाचे ऑप्शन महाग राहतात, समभागांचे तुलनेने स्वस्त. निर्देशांकाचे ऑप्शन विकून समभागांचे घेणारा माणूस खरं तर विमा विकत असतो, आणि ‘सगळे समभाग एकाच दिशेने धावले तर भरपाई मी देईन’ हा त्याचा करार असतो.

आता हा सौदा वरच्याच आकड्यांनी मांडू. एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट एकत्र घेतला की स्ट्रॅडल होतो. समभाग कुठल्याही दिशेला भरपूर हलला की त्यात पैसे मिळतात. एक महिन्याच्या, चालू भावाच्या स्ट्रॅडलची किंमत ३० आयव्हीला भावाच्या सुमारे ६.९ टक्के येते, २४ आयव्हीला सुमारे ५.५ टक्के. दहा समभागांत प्रत्येकी १० लाखांच्या मूल्याचे स्ट्रॅडल घेतले तर ६.९ लाख रुपये जातात. निर्देशांकाचा १ कोटीचा स्ट्रॅडल विकून ५.५ लाख येतात. खिशातून निव्वळ गेले १.४ लाख.

महिन्याअखेर पाच समभाग १० टक्के वर आणि पाच १० टक्के खाली असले, तर निर्देशांक जागच्या जागी राहील. समभागांच्या स्ट्रॅडलमधून १० लाख मिळतील, निर्देशांकावर काहीच द्यावं लागणार नाही. नफा ८.६ लाख. दहाही समभाग १० टक्के पडले तर मिळणारे १० लाख आणि द्यायचे १० लाख सारखेच, म्हणून तोटा १.४ लाख. कुणीच हललं नाही तरी तोटा तेवढाच.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. वजनं तंतोतंत जुळवली आणि सौदा एक्सपायरीपर्यंत धरला, तर १.४ लाखांपेक्षा जास्त तोटा होऊच शकत नाही. निर्देशांकाची हालचाल समभागांच्या हालचालींच्या सरासरीपेक्षा मोठी होणं गणितातच बसत नाही. हे वाचून एखाद्याला वाटेल, तोट्याला तळ आहे आणि नफा त्याच्या कितीतरी पट आहे, मग अडचण काय? अडचण ही की तो तळ केवळ कागदावर टिकतो. प्रत्यक्षात तो कसा सुटत जातो, तेच या सौद्यातलं खरं शिक्षण आहे.

पहिल्यांदा तो धंदेवाईक ट्रेडर स्वतःच सोडतो. शांत महिन्यात दर वेळी १.४ लाख जाणं परवडत नाही, म्हणून तो समभागांची बाजू कमी करतो. १ कोटीऐवजी ८० लाखांचेच स्ट्रॅडल घेतले की खर्च ५.५ लाखांवर येतो आणि निर्देशांकाच्या प्रीमियममधून तो पुरता भागतो. रोज झिजणारा थीटाही दोन्हीकडे सारखा होतो. पण आता सगळे १० टक्के पडले तर ८ लाख मिळतात आणि १० लाख द्यावे लागतात. २० टक्के पडले तर तोटा ४ लाख. तळ गेला, आणि बाजार जितका पडेल तितका खड्डा खोल.

४ जून २०२४ आठवा. लोकसभेच्या मतमोजणीच्या त्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के पडला, बँक निफ्टी सुमारे ८ टक्के, तेही आदल्याच दिवशी मोठी उसळी मारून. बँकांचे समभाग सरसकट खाली होते. असा दिवस विमा विकणाऱ्याकडे दावा घेऊन येतो. बँक निफ्टी विकून समभागांची बाजू हलकी ठेवणाऱ्याला त्या दिवशी निर्देशांकावर द्यावे लागणारे पैसे समभागांतून पुरे मिळाले नसते.

बँक निफ्टीत दुसरीही एक खोच आहे. २०२४ मध्ये त्याचं निम्म्याच्या आसपास वजन एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या दोघांतच होतं. लहान बँकांच्या ऑप्शनमध्ये फारशी उलाढाल नसते, म्हणून पुष्कळ जण सोयीचे समभाग निवडून अंदाजाने टोपली भरतात. १७ जानेवारी २०२४ ला, तिमाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी, एचडीएफसी बँक ८ टक्क्यांहून जास्त पडली आणि बँक निफ्टी ४ टक्क्यांहून जास्त. तेव्हा या एका बँकेचं वजन पावाहून अधिक होतं, म्हणजे निर्देशांकाची २ टक्क्यांवर घसरण तिच्या एकटीमुळे झाली. बाराही बँकांत सारखी रक्कम घातलेल्याच्या टोपलीत तिचा वाटा फक्त बारावा. त्याला तिच्यातून पाऊण टक्काही मिळाला नसता. एका कोटीमागे सव्वा लाखाहून मोठी फट, आणि तिचा सहसंबंधाशी काही संबंध नाही. एकच समभाग हलला आणि त्याच्याबरोबर निर्देशांक हलला, असं दिसलं की समजावं, चूक वजनांत आहे.

मग खर्च. वरच्या उदाहरणात ०.६० गृहीत धरलेला सहसंबंध प्रत्यक्षात ०.५० निघाला, तर निर्देशांकाचा चढउतार २४ ऐवजी सव्वाबावीसच्या आसपास राहील. १ कोटीच्या स्ट्रॅडलवर त्याची किंमत होते अंदाजे ४० हजार रुपये. अंदाज बरोबर आल्याचं बक्षीस एवढंच. आता दहा समभागांचे वीस ऑप्शन घ्यायचे आणि पुढे विकायचे. खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकापायी प्रीमियमचे २ टक्के गेले असं धरलं तर आत शिरताना १४ हजार, बाहेर पडताना जवळपास तेवढेच. दलाली आणि कर वेगळे. चाळिसातले तीस हजार रस्त्यातच संपतात, आणि समभागांच्या ऑप्शनमध्ये २ टक्के हा चांगला भाव आहे. यॉस्ट ड्रिसेन, पास्कल मेनहाउट आणि ग्रिगोरी विल्कोव्ह यांनी २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये अमेरिकेच्या एस अँड पी १०० निर्देशांकावरचा अभ्यास छापला. सहसंबंधाच्या जोखमीचा मोबदला बाजारात खरोखर मिळतो, असं त्यांना आढळलं. पण प्रत्यक्षातला खर्च आणि मार्जिन धरलं की तो काढून घेता येत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. बाजारात ही फट इतकी वर्षं का टिकून आहे, याचं माझ्या मते हेच सरळ उत्तर आहे.

आपल्याकडे सेटलमेंटचाही पेच आहे. निर्देशांकाचे ऑप्शन रोखीत मिटतात. समभागांच्या ऑप्शनमध्ये मात्र ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष समभागांची देवघेव होते. स्ट्रॅडलमधला कॉल किंवा पुट, एक तरी जवळजवळ नेहमीच पैशात संपतो. म्हणजे दहाही समभागांत पूर्ण मूल्याची डिलिव्हरी अंगावर येते. विकत घेतलेल्या ऑप्शनवरही एक्सपायरीच्या चार दिवस आधीपासून चढतं मार्जिन लागायला सुरुवात होते. दीड-दोन लाख जोखमीचा वाटलेला सौदा शेवटच्या आठवड्यात कोटीच्या घरातलं भांडवल मागू लागतो. ते नसलं तर आधीच बाहेर पडावं लागतं, आणि एक्सपायरीला मिळणारा तो तळ तिथेच हातचा जातो. विकलेल्या निर्देशांकाचं मार्जिनही नेमकं बाजार पडताना वाढतं. ते भरता आलं नाही आणि दलालाने एक बाजू कापली, तर उरलेली बाजू हा निव्वळ जुगार ठरतो.

मोठ्या संस्थांचे ट्रेडर एक्सपायरीची वाट बघत बसत नाहीत. समभाग १० टक्के हलला की जुन्या स्ट्राइकचा स्ट्रॅडल चढउतार पकडेनासा होतो, त्याची निव्वळ दिशेवरची पैज होते. ती दिशा ते फ्युचर्स घेऊन-विकून दिवसातून अनेकदा काढून टाकतात, स्ट्राइक बदलतात, वजनं पुन्हा जुळवतात. हे काम संगणकाशिवाय होत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फ्युचर्स-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाल्याचं दिसलं. प्रोप्रायटरी ट्रेडर आणि परदेशी संस्था गट म्हणून नफ्यात होत्या, आणि त्यांच्या नफ्याचा बहुतांश भाग अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांचा होता. डिस्पर्शनमध्ये घरून व्यवहार करणाऱ्यासमोर नेमके हेच लोक उभे असतात.

जाणकार माणूसही हा सौदा कायम लावून ठेवत नाही. इम्प्लाइड कोरिलेशन खाली असताना विमा स्वस्तात विकला जातो आणि दावा आला तर तो पूर्ण भरावा लागतो, म्हणून तो थांबतो. बाजार एकदा धसकून तो आकडा चढलेला असताना, आणि पुढे तिमाही निकालांचा हंगाम असताना तो उतरतो. त्या आठवड्यांत प्रत्येक कंपनी आपल्या निकालाने हलते, शेजारच्या कंपनीमुळे नाही. पण निकालाची तारीख सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे समभागांचे ऑप्शन तेव्हा आधीच महागलेले असतात. म्हणून तो निकालाच्या दिवसापुरती धरलेली हालचाल आयव्हीतून वेगळी काढतो, उरलेल्या दिवसांचा सहसंबंध पुन्हा मोजतो, आणि त्यातून खर्च वजा करून काही उरतं का ते बघतो. बऱ्याच महिन्यांत काही उरत नाही. तेव्हा तो सौदा करत नाही.