डोक्याला बसलेला मुका मार

डोक्याला मार बसतो, पण कवटी फुटत नाही, रक्त येत नाही, सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष येतो. तरीही मेंदूचे काम काही दिवस विस्कळीत झालेले असते. या दुखापतीला कन्कशन म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या शाळांच्या कबड्डीच्या मैदानावर ती होण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. कंबर धरून उचलला गेलेला चढाईपटू पाठीवर पडतो आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळते, किंवा पकडीसाठी वाकलेल्या मुलीच्या कानशिलावर चढाई करणारीचा गुडघा बसतो. मॅट नसेल तेव्हा उन्हात वाळून टणक झालेली काळी जमीन हा मार आणखी वाढवते.

मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोके सरळ रेषेत हलण्यापेक्षा झटक्याने फिरले, तर अपाय अधिक होतो. कारण मेंदूचे वेगवेगळे भाग तेव्हा कमीअधिक वेगाने फिरतात आणि त्यांना जोडणारे चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. त्यासाठी डोक्यालाच मार लागायला हवा असेही नाही. छातीवर बसलेल्या धडकेने मानेला जोराचा हिसका बसला, तरी तेवढा ताण पुरतो.

तंतूंच्या आवरणावर ताण आला की त्यातून क्षारांची अवेळी ये-जा सुरू होते. पेशीतले पोटॅशियम बाहेर जाते, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात. त्याच वेळी ग्लूटामेट हे उत्तेजक रसायन भरमसाट सुटते आणि शेजारच्या पेशीही भडकतात. हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशींच्या आवरणातले पंप जोराने चालू लागतात. त्यांना ग्लुकोजपासून मिळणारी ऊर्जा लागते, पण नेमका याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हाव्यात आणि विजेचा दाब उतरावा, तसे हे घडते. शिवाय आत शिरलेले कॅल्शियम पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचेच काम मंदावते. अमेरिकेतील क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होवडा यांनी 2001 मध्ये या घटनाक्रमाची मांडणी केली. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूचा ग्लुकोजचा वापर सुमारे 7 ते 10 दिवस मंदावलेला आढळला. मेंदूची रचना जागच्या जागी असते, बिघाड तिच्या कामात असतो. म्हणून तो स्कॅनवर दिसत नाही. रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडल्याची शंका असेल तर स्कॅन लागतोच, पण स्कॅन चांगला आला म्हणजे कन्कशन नाही, असा अर्थ काढता येत नाही.

लक्षणे ऊर्जेच्या याच तुटीतून येतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, वाचलेले लक्षात राहत नाही, मूल विनाकारण चिडते किंवा रडते. बेशुद्धी मात्र थोड्याच जणांना येते. ‘शुद्ध हरपली नव्हती, म्हणजे काही झाले नाही’ हा समज त्यामुळेच धोक्याचा आहे.

लक्षणे उशिराही उमटतात. 31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळ गहुंजे इथे इंग्लंडविरुद्धच्या टी-20 सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर जेमी ओव्हर्टनचा चेंडू शेवटच्या षटकात आदळला. दुबे डाव संपेपर्यंत खेळला, पण क्षेत्ररक्षणाला उतरला नाही. त्याच्या जागी हर्षित राणा आला. पुढचे काही दिवस वाद गाजला तो अष्टपैलूच्या बदली गोलंदाज चालतो का, याचा. पालक आणि क्रीडाशिक्षकांनी त्यातली दुसरीच गोष्ट ध्यानात घ्यावी. हेल्मेट कवटी वाचवते, आतला हादरा पूर्णपणे थांबवू शकत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लक्षणे जाणवली. पुढच्या कसोटीला तो मुकला.

शाळेच्या मैदानावर डॉक्टर नसतो. समजा, नववीतला एक चढाईपटू पकडीत डोक्यावर आपटला, उठला आणि क्षणभर विरुद्ध संघाकडे चालू लागला. तोंडावर पाणी मारून त्याला परत आत पाठवणे ही इथली नेहमीची चूक. शिक्षकाने त्याला तिथेच थांबवावे. मान दुखत नाही ना, हे आधी पाहावे. मान दुखत असेल तर त्याला हलवू नये. मग साधे प्रश्न विचारावेत: आत्ता पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? उत्तर अडखळले तर शंका पक्की धरावी. उत्तरे बरोबर आली, पण डोके दुखते आहे, तरी त्या दिवशी खेळ बंद. ऊर्जेच्या तुटीत सापडलेल्या मेंदूवर दुसरा आघात झाला तर बरे व्हायला फार वेळ लागतो. क्वचित, विशेषतः कुमारवयात, मेंदूला वेगाने सूज येऊन जीवही जातो.

घरी पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती हवी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. मुलाने घरात हिंडावे, थोडे चालावे, मोबाइल आणि टीव्ही मात्र बराच कमी करावा. डॉक्टरांनी तपासून धोका नाही असे सांगितले असेल तर झोपू द्यावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन सुरुवातीला टाळावे.

त्यानंतर आधी शाळा, मग स्पर्धा. मुलगा घरी पंधरा मिनिटे वाचतो आणि डोके दुखणे फारसे वाढत नाही, हे दिसले की अर्धा दिवस वर्गात बसवावे. मधूनमधून विश्रांती, गृहपाठाला सवलत आणि घटक चाचणी पुढे ढकलणे, एवढे मुख्याध्यापक करू शकतात. गावाहून एसटीने येणाऱ्या मुलाला गर्दी, हादरे आणि ऊन यांनीच त्रास होतो. प्रवास सोसत नसेल तर आणखी एखादा दिवस घरी अभ्यास बरा. सायकल आणि दुचाकी तेवढे दिवस बंद.

खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या कन्कशनविषयीच्या 2022 च्या ॲम्स्टरडॅम परिषदेतील तज्ज्ञांनी मांडल्या: रोजची हालचाल, चालणे किंवा स्थिर सायकल, एकट्याने धावण्याचा सराव, धक्का नसलेला संघाचा सराव, मग पकडीसह पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा. हलक्या व्यायामात त्रास दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात उतरला तर चालते. त्याहून वाढला तर त्या दिवशी थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. पकडीचा सराव मात्र कोणतेही लक्षण नसताना, शाळा पूर्ण वेळ सुरू झाल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच. बहुतेक मुले महिन्याभरात बरी होतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने 2025 पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर बसवण्याचा नियम केला. शाळकरी मुलाला त्याहून कमी दिवस देण्याचे काहीच कारण नाही.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातपाय लुळे पडणे, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, उठवूनही नीट जाग न येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करून मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.