पहिलं चित्र दिसायच्या आधीच

व्हिडिओ पहिल्या काही सेकंदांतच प्रेक्षक सोडून गेले, की बनवणारा स्वतःच्या मांडणीला दोष देतो. पण संथ मोबाइल नेटवर्कवर त्यांतल्या अनेकांनी मांडणी पाहिलेलीच नसते. मोजणी चित्र सुरू झाल्यावरच होत असेल, तर त्याआधी कंटाळून गेलेला माणूस आकड्यांत कुठेच सापडत नाही.

बटण दाबल्यावर काय घडतं? फोन आधी सर्व्हरचा पत्ता शोधतो, जोडणी करतो, ती सुरक्षित करतो, मग व्हिडिओच्या तुकड्यांची यादी मागवतो. यात साधारण सहा फेऱ्या होतात. कमकुवत सिग्नलवर एका फेरीला ०.३ सेकंद लागले, तरी जवळपास दोन सेकंद इथेच जातात. मग पहिला तुकडा येतो. तो ६ सेकंदांचा आणि बिटरेट २ एमबीपीएस असेल, तर तो १२ मेगाबिटांचा होतो. लाइन १ एमबीपीएसची असेल, तर तो यायला १२ सेकंद लागतात. म्हणजे प्रेक्षक चौदा सेकंद गोल फिरणारं चक्र बघत बसतो. तोच तुकडा ३०० केबीपीएसचा असता, तर चार सेकंदांत चित्र हलू लागलं असतं.

एस. शुन्मुग कृष्णन आणि रमेश सीतारामन यांनी २०१२ मध्ये अकामाई कंपनीच्या नेटवर्कवरच्या दोन कोटींहून अधिक व्हिडिओ-दर्शनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन सेकंदांनंतर लोक सोडून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडणाऱ्यांत ५.८ टक्क्यांची भर पडते, असं आढळलं. वेगवान जोडणीवाले सर्वांत उतावळे होते, मोबाइलवाले जास्त धीराचे. त्यामुळे दोन सेकंदांची रेषा गावातल्या फोनला जशीच्या तशी लावू नये. पण चौदा सेकंद तिथेही फारच झाले.

सुरू झाल्यावरही हिशेब तोच. ६ सेकंदांचं चित्र आणायला १२ सेकंद लागत असतील, तर प्रत्येक तुकड्यामागे सहा सेकंद खोळंबा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत असा एकच खोळंबा म्हणजे एकूण लांबीच्या एक टक्का. आणि एवढ्या खोळंब्याने पाहण्याचा वेळ सुमारे पाच टक्क्यांनी घटतो, असं त्याच अभ्यासात दिसलं.

मग बिटरेट कायम कमीच ठेवायचा का? नाही. ३०० केबीपीएसवर बोलणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो, पण गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर लिहिलेला घातांक पुसट होतो. विद्यार्थी निघून जातो, आणि व्हिडिओ न थांबता चालल्यामुळे नोंदीत सारं सुरळीत दिसतं. हे नुकसान मला सर्वांत फसवं वाटतं.

ओळखायचं कसं? एकाच व्हिडिओचे आकडे वायफाय आणि मोबाइल नेटवर्क असे वेगळे काढावेत. गळती दोन्हीकडे सारखी असेल तर मांडणी तपासावी. फक्त मोबाइलवर असेल तर आधी बटणापासून पहिल्या चित्रापर्यंतचा वेळ मोजावा. पहिला तुकडा छोटा आणि हलका ठेवून लाइन जमेल तसा दर्जा चढवावा. शिकवणीच्या व्हिडिओत तर अक्षरं २४०पी वर वाचता येतील एवढी मोठी काढणं, हे चित्रीकरणाच्या वेळीच करावं लागतं.