सर, ट्रेनिंग हवं, कॉम्बो नको

जिममध्ये नाव घालून महिना होतो न होतो, तोच ट्रेनर कॉम्बोचा विषय काढतो. व्हे प्रोटीन, बीसीएए, प्री-वर्कआउट आणि फॅट बर्नर असे चार डबे एकदम घेतले तर सूट मिळते. ‘महाग आहे’ म्हटलं की आणखी सूट किंवा हप्ते पुढे येतात. ‘घरी विचारतो’ म्हटलं की पुढच्या सोमवारी तोच प्रश्न. अशा वेळी सवलतीने सुटणार नाहीत अशी कारणं देऊन, एकदाच नीट लिहून नाही म्हणावं. खालचं पत्र त्याचा नमुना आहे. लिहिणारा बेचाळीस वर्षांचा, वजन 64 किलो, रक्तदाबाची गोळी चालू, आठवड्यातून चार दिवस व्यायाम.

“नमस्कार सर,

तुम्ही स्क्वॉटमध्ये माझा गुडघा आत वळतो हे पकडलंत, तेव्हापासून दुखणं थांबलंय. तुमचं ट्रेनिंग मला पुढेही हवं आहे. कॉम्बो मात्र मी घेणार नाही. कारणं सांगतो.

आधी प्रोटीन. माझ्या वजनाला किलोमागे 1.2 ग्रॅम धरले तर दिवसाला 77 ग्रॅम लागतात. चार पोळ्यांतून 12, दोन वाट्या घट्ट आमटी-उसळीतून 14, कपभर दूध आणि वाटीभर दह्यातून 13, मूठभर फुटाण्यांतून 6 असे साधारण 45 मिळतात. म्हणजे तूट आहे, हे तुमचं बरोबर. पण तीन अंड्यांतून 18 आणि 30 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून 15 मिळाले की बेरीज 78 होते. दोन्ही गोष्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि मला पचतात. पुढे कधी हे जमेनासं झालं, तर व्हेचा विचार करीन.

बीसीएए म्हणजे ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. ती अंडी, दूध, डाळीत असतातच आणि व्हेमध्येही असतात. व्हे आणि बीसीएए दोन्ही घेणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणं.

प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये 200 मिलिग्रॅम कॅफिन असल्याचं डब्यावर छापलंय. म्हणजे जवळपास दोन कप कडक कॉफी एका दमात. फॅट बर्नरमध्येही कॅफिन आहे, शिवाय ग्रीन टीचा अर्क. कॅफिनने रक्तदाब चढतो आणि मी गोळीवर आहे. ग्रीन टीच्या तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हे दोन डबे मला फुकटही नकोत.

तुमचा राग नाही. विक्रीचं टार्गेट असतं, हे मी समजू शकतो. पण हा विषय आपण इथेच संपवू. उद्या सहाला येतो.”

पत्रात ट्रेनरचं जे बरोबर आहे ते मान्य केलं आहे, त्यामुळे वाद होत नाही. प्रत्येक डब्याला वेगळं कारण असल्यामुळे ‘मग निदान हा एक घ्या’ म्हणायला जागा उरत नाही.

आता वाचकांसाठी थोडं. व्यायाम न करणाऱ्या प्रौढांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे. वजनं उचलणाऱ्यांना जास्त लागतं, पण साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे स्नायू वाढण्यात फारसा फरक पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

सगळेच डबे निरुपयोगी नाहीत. क्रिएटिन मोनोहायड्रेट दिवसाला 3 ते 5 ग्रॅम घेतल्याने ताकदीत थोडी भर पडते, याला चांगला आधार आहे. मात्र त्याने रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगावं.

पावडर घ्यायचीच झाली, तर डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहा. पण तो उत्पादकाचा परवाना असतो. आतल्या मालाची हमी नव्हे. नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवण्याची पद्धत आहे. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती सुटी लिहिलेली दिसली, तर तो डबा सोडा. कोणत्या घटकाचं किती प्रमाण, हे न सांगता ‘ब्लेंड’ म्हणून एकच आकडा दिला असेल, तरी सोडा.

आणि नुसत्या चिठ्ठीवर लिहिलेलं, लेबल नसलेलं पाकीट कुणीही दिलं तरी घेऊ नका. त्यात काय आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.