पगाराआधीचे हातउसने

कार्यालयातले हातउसने व्यवहार बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत होतात. रक्कम लहान असते, कागद नसतो, व्याज नसते आणि परतफेडीची तारीखही मोघम असते. ‘पगार झाला की देतो’ एवढ्यावरच काम भागते. अडीअडचणीला एकदा घेऊन वेळेवर परत करणारे सहकारी पुष्कळ असतात आणि त्यांच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न निर्माण होतो तो दर महिन्याला मागणाऱ्या सहकाऱ्यामुळे. त्याच्याशी रोज शेजारच्या टेबलावर काम करायचे असते, त्याच्याच सहीने आपली फाइल पुढे जायची असते, डबाही एकत्र खायचा असतो. त्यामुळे नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला नकार देण्यापेक्षा हा नकार अवघड जातो.

असा व्यवहार कसा वाढत जातो, हे एका नमुन्यावरून पाहू. समजा, जिल्हा परिषदेतल्या एका कनिष्ठ सहायकाने जानेवारीत शेजारच्या सहकाऱ्याकडून 2,000 रुपये घेतले आणि पगार होताच परत केले. फेब्रुवारीत त्याने 3,000 घेतले आणि 2,000 परत केले. उरलेले हजार ‘पुढच्या वेळी’. मार्चमध्ये 4,000 घेतले. एप्रिलमध्ये नवे काही मागितले नाही, उलट 2,000 फेडले. मे महिन्यात मुलाच्या शाळेची फी म्हणून 5,000 घेतले. एकूण 14,000 रुपये दिले गेले, 6,000 परत आले आणि 8,000 अंगावर राहिले. यात कोणतीही एक मागणी मोठी नाही आणि कोणतेही एक कारण खोटे असेलच असेही नाही.

पण दोघांच्या डोक्यातला हिशेब वेगळा असतो. देणाऱ्याला फक्त अडकलेले 8,000 दिसतात. घेणाऱ्याला आठवते ते हे की आपण तीन वेळा पैसे परत केले, म्हणजे आपण बुडवणारे नाही. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, म्हणूनच भांडण होत नाही आणि अढी मात्र बसते. फ्रान्सिस फ्लिन या संशोधकाने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहकाऱ्यांमधल्या उपकारांविषयी असेच आढळले होते. मदत घेणाऱ्याला तिचे मोल लगेच जास्त वाटते आणि दिवस जातील तसे ते कमी होते. मदत करणाऱ्याच्या मनात मात्र ते वाढत जाते. देणाऱ्याने गप्प राहून वाट पाहिली, तर दोघांमधले अंतर आपोआप कमी होत नाही, वाढतेच.

ही गरज आहे की सवय, हे कारणावरून ओळखता येत नाही. दवाखाना, फी, गाडीचा हप्ता ही कारणे दोन्हीकडे सारखीच असतात. ओळखायची खूण व्यवहाराच्या चालीत असते. जुने फिटण्याआधी नवे मागणे, परतफेड आणि नवी मागणी आठवड्याभराच्या आत येणे, रक्कम हळूहळू चढत जाणे आणि त्याच खोलीतल्या आणखी दोघा-तिघांकडूनही पैसे घेतलेले असणे, ही चार लक्षणे एकत्र दिसली की समजावे, तो सहकारी एकाचे घेऊन दुसऱ्याचे फेडत आहे. अशा वेळी दिलेले पैसे त्याच्या अडचणीवर खर्च होत नाहीत; ते आधीच्या देणेकऱ्याकडे जातात.

नकार फसतो तो बहुधा पहिल्या वाक्यातच. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे समजले जाते, म्हणून ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे’ अशी उत्तरे दिली जातात. देणारा त्यातून नकार सुचवत असतो. मागणारा ‘बघतो’चा अर्थ होकार असा लावतो आणि ओढाताणीचा अर्थ ‘पुढच्या महिन्यात’ असा. शिवाय अडचणीची सबब सांगितली की ती टिकवून धरावी लागते. त्याच आठवड्यात नवा मोबाइल हातात दिसला तर सबब उघडी पडते, आणि नकारापेक्षा हा खोटेपणा अधिक लागतो. ‘घरी विचारावे लागेल’ हेही तसेच. त्यातून पत्नीच्या किंवा पतीच्या माथी वाईटपणा येतो आणि दोन दिवसांनी ‘विचारलंत का?’ हा प्रश्न येतोच.

सर्वांत घातक उत्तर मात्र वरवर सर्वांत न्याय्य वाटते: ‘आधी मागचे द्या, मग बघू.’ वरच्या उदाहरणात तो सहकारी कुठून तरी 8,000 उभे करून देईल आणि दुसऱ्याच दिवशी 10,000 मागेल. आता नाही म्हणायला जागा उरत नाही, कारण अट त्याने पाळलेली असते. जुनी बाकी आणि नवी मागणी एका वाक्यात गुंफल्या की देणाऱ्याने स्वतःच कर्जाची मर्यादा मंजूर केल्यासारखे होते.

टिकणारा नकार आपल्या खिशाविषयी बोलत नाही आणि मागणाऱ्याच्या सचोटीविषयीही बोलत नाही. तो स्वतःच्या नियमाविषयी बोलतो. ‘ऑफिसातल्या कोणाशीही पैशांचा व्यवहार ठेवायचा नाही, असं मी ठरवलंय. आतापर्यंत दिले, यापुढे जमणार नाही,’ एवढे दोन वाक्यांत सांगून थांबावे. खिसा भरला म्हणून हे उत्तर बदलत नाही. ते सर्वांना लागू असल्याने मागणाऱ्याचा अपमानही होत नाही. अर्थात ते खरेच सर्वांना लागू असायला हवे. दुसऱ्या टेबलावरच्या मित्राला गुपचूप पाच हजार दिले, तर कार्यालयात ती गोष्ट चहा संपेपर्यंत सगळीकडे जाते.

हे बोलणे एकांतात आणि लगेच व्हावे. चारचौघांत मागितले गेले तरी उत्तर बाजूला नेऊन द्यावे. कारणे वाढवू नयेत, कारण प्रत्येक कारणावर तोडगा सुचवता येतो. काटकसरीचा उपदेश तर मुळीच करू नये. पैसे न मिळाल्याचे माणूस आठवड्यात विसरतो. पैशांवरून ऐकवलेले बोल विसरत नाही.

जुन्या बाकीचे बोलणे वेगळ्या दिवशी करावे. 8,000 असतील तर दर पगाराला 2,000 असे चार हप्ते ठरवून ते मोबाइलवरच्या संदेशात लिहून घ्यावेत. समोरच्याने ‘हो’ असे लेखी उत्तर दिले की आठवण करून देण्याचे ओझे निम्मे होते. उसन्या पैशांच्या वसुलीसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षे असते. एवढ्या रकमेसाठी कोणी न्यायालयात जात नाही, पण रक्कम मोठी असेल तर हे माहीत असावे. 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर, घेतलेल्या रकमेइतका बसू शकतो. बाकी सुटणारच नाही अशी खात्री असेल, तर ती मनातून सोडून देणे आणि नवे न देणे हा स्वस्त मार्ग ठरतो. मात्र ‘सोडून दिले’ असे मोठ्याने जाहीर करणे म्हणजे उपकाराची पावती फाडणे.

हातउसन्यापेक्षा मोठी आणि कमी गांभीर्याने घेतली जाणारी मागणी जामीनकीची असते. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेत कर्जाच्या अर्जावर सहसभासद जामीनदारांच्या सह्या लागतात. ‘नुसती सही आहे, हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार,’ असे सांगून अर्ज पुढे केला जातो. यात पैसे लगेच जात नसल्याने नकार द्यायला कारणच सुचत नाही. प्रत्यक्षात भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी, मग आपल्याकडे यावे, असा आग्रह जामीनदाराला सहसा धरता येत नाही. कर्जदार निलंबित झाला, नोकरी सोडून गेला किंवा त्याच्या पगारातून आणखी कपात होण्याजोगे काही उरलेच नाही, की संस्थेला सर्वांत सोपा मार्ग जामीनदाराच्या पगाराचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये वसुली दाखल्याची तरतूद आहे आणि तो जामीनदाराविरुद्धही निघू शकतो. फेडलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क जामीनदाराला असतो, पण ज्याच्याकडून संस्थेला मिळाले नाही त्याच्याकडून एकट्या माणसाला काय मिळणार?

इथेही नकार नियमाचाच असावा, पण त्याला एक कसोटी जोडता येते: हे कर्ज उद्या आपणच फेडायचे ठरले तर चालेल का? 3,00,000 रुपयांच्या अर्जावर सही करताना तेवढी तयारी नसेल तर सही करू नये. ‘माझी जामीनकीची मर्यादा भरली आहे’ ही सबब लोकप्रिय आहे, पण संस्थेत चौकशी केली की खरेखोटे कळते. एकदा कर्ज वाटप झाल्यावर जामीनदाराला आपल्या मर्जीने अंग काढून घेता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार स्वीकारला तरच सुटका होते. म्हणून सगळा विचार सहीच्या आधी करायचा असतो.

मागणारा वरिष्ठ असेल तर तोल बिघडतो. शासकीय सेवेच्या वर्तणूक नियमांत आपल्या अधिकाराखालच्या माणसांशी पैशांच्या देवाणघेवाणीवर निर्बंध आहेत. ‘साहेब, नियमात बसणार नाही, उद्या तुमच्यावरच कोणी बोट ठेवेल,’ असे काळजीच्या सुरात सांगता येते. खाजगी कंपनीत असा आडोसा नसतो. तिथे पहिल्याच वेळी नाही म्हणणे अधिक महत्त्वाचे. पैशांव्यतिरिक्तच्या मागण्यांपैकी पाळी बदलून देणे किंवा बँकेत चेक टाकून येणे यांची फेड सहज होते. दुसऱ्याची हजेरी लावणे हा मात्र दोघांचाही गैरवर्तनाचा गुन्हा ठरतो, त्यावर चर्चाही नको.

नकारानंतर नाते टिकते की नाही, हे बरेचसे पुढच्या आठवड्यावर ठरते. नेहमीचा चहा, नेहमीची थट्टा, डब्यातली भाजी जशीच्या तशी चालू ठेवावी. अपराधी वाटून जास्तीची कामे अंगावर घेऊ नयेत आणि तो टाळू लागला तर पाठीही लागू नये. आणि नकाराची बातमी आपल्या तोंडून तिसऱ्याला कळता कामा नये. खरी गरज दिसत असेल तर पैशांऐवजी वेळ देता येतो. पतसंस्थेचे तातडीचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतून आजारपण किंवा शिक्षणासाठी मिळणारी रक्कम, कार्यालयाकडून मिळणारा पगाराचा अग्रिम हे मार्ग अनेकांना ऐकून माहीत असतात, पण अर्ज कुठे आणि कोणत्या कागदांसह द्यायचा हे माहीत नसते. मोबाइलवरच्या झटपट कर्जांत आधीच अडकलेल्या सहकाऱ्यासोबत अर्धा तास बसून सर्व देणी एका कागदावर मांडली, कोणाचे व्याज सर्वांत जास्त ते पाहिले आणि संस्थेच्या एकाच कर्जातून ती फेडता येतील का याचा हिशेब केला, तर त्याचा उपयोग पाच हजारांच्या उसनवारीपेक्षा जास्त होतो. त्या नव्या कर्जाला जामीनदार कोण, हा प्रश्न तिथेच निघतो. त्याचे उत्तर टेबलावर बसण्यापूर्वी ठरलेले असावे.